स्वतःच्याच एक्सेल फाईलचा पासवर्ड विसरलात, तर खरोखर काय होऊ शकतं

प्रश्न: "चार वर्षांपूर्वी माझ्याच हिशोबाच्या एक्सेल फाईलला पासवर्ड घातला होता. पासवर्ड साधारण काय होता ते माहीत आहे, पण टाकला की चुकीचा म्हणतं. फाईलचं नाव बदलून झिप करायचा उपाय वाचला, तोही चालला नाही. फाईल उघडायचा काही खरा मार्ग आहे का?"

झिपचा उपाय खोटा नाही, पण तो वेगळ्या कुलपाचा आहे. तो का चालला नाही हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

एक्सेल आणि वर्डमध्ये "पासवर्ड" या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी येतात. एकात फाईल बिनधास्त उघडते, आकडे दिसतात, फक्त काही बदलायला गेलं की शीट संरक्षित असल्याचं सांगून एक्सेल अडवतं. दुसऱ्यात फाईल उघडण्याआधीच पासवर्डची चौकट येते आणि आतलं काहीच दिसत नाही. पहिल्यात मजकूर उघडाच असतो, "बदलू देऊ नको" एवढी एक सूचना फाईलमध्ये लिहिलेली असते आणि एक्सेल ती पाळतं. दुसऱ्यात सगळा मजकूरच सांकेतिक केलेला असतो आणि पासवर्डातून तयार होणाऱ्या चावीशिवाय तो नुसता कचरा असतो.

आपलं कुलूप कोणतं याची शंका असेल, तर फाईलची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला `PK` ही दोन अक्षरं दिसली तर ती साधी झिपच आहे, म्हणजे मजकूर सांकेतिक नाही. `PK` नसेल, आणि खाली कुठेतरी अक्षरांमध्ये मोकळ्या जागा पडलेले `EncryptionInfo` आणि `EncryptedPackage` असे शब्द दिसले, तर मजकूर कुलूपबंद आहे. तुमची फाईल या दुसऱ्या प्रकारची असणार. नाव बदलून `.zip` केलं तरी आत झिप नाहीच, मग ती उघडणार कशी?

पहिल्या प्रकारचं दोन ओळींत सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण तीच असते. प्रतीचं नाव `.zip` करा, आत `xl/worksheets` मध्ये जा, त्या शीटची `.xml` फाईल बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा आणि ही एक खूण सुरुवातीच्या `<` पासून शेवटच्या `/>` पर्यंत पूर्ण खोडा:

```
<sheetProtection algorithmName="SHA-512" hashValue="..." saltValue="..." spinCount="100000" sheet="1" objects="1" scenarios="1"/>
```

ती फाईल त्याच झिपमध्ये परत टाका आणि नाव पुन्हा `.xlsx` करा. इथे लोक एकच चूक करतात. सगळं एका फोल्डरमध्ये उलगडतात आणि मग तो फोल्डरच झिप करतात. त्यामुळे `[Content_Types].xml` ही फाईल एक पायरी आत जाते आणि एक्सेल फाईल खराब झाल्याचं सांगतं. म्हणून उलगडू नका, तेवढी एकच फाईल बदला. वर्डमध्ये हीच खूण `word/settings.xml` मध्ये `w:documentProtection` या नावाने असते. शीटचा पासवर्ड शोधून देणारा एक जुना मॅक्रोही फिरत असतो. तो जुन्या एक्सेलच्या कच्च्या पद्धतीवर बेतलेला होता. 2013 पासूनच्या एक्सेलमध्ये नव्याने संरक्षण घातलेल्या शीटवर तो चालवण्यात अर्थ नाही, आणि खूण खोडता येत असताना त्याची गरजही नाही.

आता तुमच्या फाईलकडे येऊ.

कुलूप फोडायला बसण्याआधी तोच मजकूर दुसरीकडे उघडा पडलाय का ते बघा. मी हे काम करताना निम्मा वेळ यातच घालवतो आणि त्याचा पश्चात्ताप कधी झालेला नाही. फाईल कुठल्या एखाद्या संगणकावर अजून उघडी असेल, तर ती बंद करू नका. `File`, `Info`, `Protect Workbook`, `Encrypt with Password` असं गेलात की चौकटीत ठिपके दिसतील. ते खोडून `OK` म्हणा आणि फाईल सेव्ह करा. तिथे जुना पासवर्ड कुणी विचारत नाही.

फाईल वनड्राइव्हसारख्या ठिकाणी असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्या बघा. पासवर्ड ज्या दिवशी घातला त्याच्या आधीच्या आवृत्तीला पासवर्ड नसतो. चार वर्षांनी तिथे तेवढ्या जुन्या आवृत्त्या उरलेल्या असतीलच असं नाही, पण बघायला एक मिनिट लागतो. मेलमधून कुणाला पाठवलेली प्रत, जुन्या हार्ड डिस्कवरचा बॅकअप, छापून घेतलेली पीडीएफ, हेही तपासा.

एक जागा मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. या फाईलमधले आकडे दुसऱ्या एखाद्या एक्सेल फाईलमध्ये सूत्राने ओढले होते का? तसं असेल, तर त्या दुसऱ्या फाईलच्या आत `xl/externalLinks` मध्ये शेवटच्या वेळी वाचलेले आकडे साठवलेले असतात. ओढलेल्या सेल तेवढ्याच मिळतात, सूत्रं मिळत नाहीत. पण वार्षिक गोषवाऱ्याच्या फाईलमध्ये बारा महिन्यांच्या बेरजा अशा सापडल्या, आणि त्या माणसाला मुळात तेवढंच हवं होतं, असं मी पाहिलं आहे.

यातलं काही हाती लागलं नाही, तर उरतो अंदाजाचा रस्ता. त्याची मर्यादा आधी सांगतो. आजचं एक्सेल तुम्ही टाकलेल्या पासवर्डवर एसएचए-512 ही आकडेमोड 1,00,000 वेळा करतं आणि त्यातून चावी बनवतं. तुम्हाला फाईल उघडताना ते जाणवत नाही. पण अंदाज करणाऱ्या यंत्राला प्रत्येक अंदाजाला तेवढाच खर्च येतो. नुसत्या प्रोसेसरवर सेकंदाला काहीशे अंदाज होतात. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर दहा हजार धरा, फार नवं असेल तर त्याच्या काही पट.

दहा हजाराच्या वेगाने हिशोब करू. पासवर्ड आठ अक्षरांचा, सगळी अक्षरं छोटी इंग्रजी, तर शक्यता 26 चा आठवा घात, म्हणजे सुमारे 20,900 कोटी. सगळ्या तपासायला जवळजवळ आठ महिने लागतील. त्याच आठ जागांवर मोठी-छोटी अक्षरं, अंक आणि चिन्हं काहीही चालत असतील, तर एकवीस हजार वर्षं. त्यामुळे "सगळे पासवर्ड करून बघतो" म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर, फुकट असो वा विकतचं, तुमची फाईल निव्वळ ताकदीवर उघडणार नाही. मायक्रोसॉफ्टकडेही मागचं दार नाही. कंपन्यांसाठी त्यांचं डॉकरिक्रिप्ट नावाचं साधन आहे, पण फाईलला पासवर्ड घालण्याआधीच त्याची व्यवस्था लावून ठेवलेली असली तरच ते कामाला येतं.

पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य सोन्यासारखं आहे: पासवर्ड साधारण काय होता ते माहीत आहे. चोराला हेच माहीत नसतं. तुमच्याकडे एकवीस हजार वर्षांचं काम नसून बहुधा एका संध्याकाळचं काम आहे, फक्त ते नीट मांडलं पाहिजे.

मागे ओळखीच्या एका ताईंची अशीच फाईल आली होती. पासवर्ड म्हणजे मुलीचं लाडाचं नाव, मग @, मग वर्ष, याबद्दल त्या ठाम होत्या. `Sonpari@2019` किंवा त्याचंच भावंड. हाताने त्यांनी चाळीस-पन्नास वेळा करून पाहिलं होतं. मी त्यांना "पासवर्ड आठवा" असं म्हटलंच नाही. त्यांच्या ब्राउझरमध्ये साठवलेले त्या सालचे इतर पासवर्ड बघायला सांगितलं. माणूस पासवर्ड विसरतो, पण पासवर्ड बनवायची खोड सहसा बदलत नाही. त्यातून बारा मूळ शब्द निघाले: नावं, गाडीचं नाव, शाळेतलं टोपणनाव. सवय मात्र सगळीकडे एकच होती, आधी शब्द, मग चिन्ह, मग चार अंक.

या कामाला दोन फुकटची साधनं लागतात, जॉन द रिपर आणि हॅशकॅट. जॉनबरोबर `office2john.py` नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते. ती फाईलमधून पासवर्ड तपासण्यापुरता तुकडा बाहेर काढते. त्या तुकड्यात तुमच्या हिशोबातला एकही आकडा नसतो.

```
python office2john.py hishob.xlsx > hash.txt
```

ही आज्ञा विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. विंडोजबरोबर येणारं जुनं पॉवरशेल `>` वापरल्यावर फाईल वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहितं आणि पुढे हॅशकॅट ती वाचायला नकार देतं. माझी एक दुपार यात गेली आहे. मग `hash.txt` उघडून सुरुवातीचं फाईलचं नाव आणि त्यापुढचा विसर्ग काढून टाका, म्हणजे ओळ `$office$` पासून सुरू होईल. त्यापुढे `*2013*` दिसलं तर हॅशकॅटमधला प्रकार 9600, `*2010*` असेल तर 9500, `*2007*` असेल तर 9400. एक्सेल 2016, 2019 किंवा 365 मध्ये बनलेली फाईलही इथे 2013 म्हणूनच दिसते, त्यात गोंधळू नका.

आणखी एक पायरी आहे, जी मी कधीच टाळत नाही. त्याच एक्सेलमध्ये एक कोरी फाईल बनवा, तिला माहीत असलेला पासवर्ड घाला आणि आधी तीच या साधनांनी उघडून बघा. ती सापडली नाही तर दोष तुमच्या आठवणीत नाही, मांडणीत आहे. ही चाचणी न करता रात्रभर यंत्र चालवून "पासवर्ड यात नाही" असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात.

ताईंचे बारा शब्द मी `words.txt` मध्ये प्रत्येकी तीन रूपांत लिहिले: सगळं छोटं, पहिलं अक्षर मोठं, सगळं मोठं. झाल्या छत्तीस ओळी. मग:

```
hashcat -m 9600 -a 6 hash.txt words.txt ?s?d?d?d?d
```

`-a 6` म्हणजे यादीतल्या शब्दापुढे साचा जोडायचा. `?s` म्हणजे कुठलंही एक चिन्ह, ती 33 आहेत, आणि `?d` म्हणजे एक अंक. हिशोब करा: 36 गुणिले 33 गुणिले 10,000, म्हणजे 1 कोटी 18 लाख 80 हजार. माझ्या कार्डावर वीस मिनिटं. वीस मिनिटांनी हॅशकॅटने `Exhausted` असं लिहिलं, म्हणजे सगळं तपासलं आणि काही मिळालं नाही.

मग चिन्ह शेवटी टाकून पाहिलं, `?d?d?d?d?s`. आणखी वीस मिनिटं, पुन्हा तेच. मग वाटलं, @ चुकून दोनदा पडलं असेल. दोन्ही जागांवर सगळी 33 चिन्हं धरली असती तर अकरा तास लागले असते. म्हणून ताईंना विचारलं, आयुष्यात कुठली चिन्हं वापरली आहेत? चारच निघाली. साचा तेवढ्यापुरता आवळला आणि काम दहा मिनिटांवर आलं:

```
hashcat -m 9600 -a 6 -1 @#!_ hash.txt words.txt ?1?1?d?d?d?d
```

तरीही नाही. मी जवळजवळ हात टेकले होते. तेवढ्यात ताई बोलता बोलता म्हणाल्या की त्या फाईलमधले सगळे रकाने मोठ्या अक्षरांत आहेत, त्यांना तसंच आवडतं. आणि डोक्यात उजेड पडला. कॅप्स लॉक चालू होता! तो चालू असताना शिफ्ट धरून S दाबलं की छोटं s पडतं आणि पुढची अक्षरं मोठी येतात. अंकांवर आणि चिन्हांवर त्याचा काही परिणाम होत नाही. एक्सेल पासवर्ड दोनदा विचारतं खरं, पण दोन्ही वेळा कॅप्स लॉक चालूच असेल तर दोन्ही वेळा तीच चूक होते आणि पासवर्ड बिनतक्रार स्वीकारला जातो.

बारा शब्दांची उलटी रूपं वेगळ्या फाईलमध्ये लिहिली आणि पहिलाच साचा पुन्हा चालवला. सगळा मिळून सात मिनिटांचा खेळ होता, त्याच्या आतच पडद्यावर आलं: `sONPARI@2019`. ताई मुळीच चुकल्या नव्हत्या, बोटांनी तेच टंकलं होतं. विसरलो होतो मी. ग्राफिक्स कार्ड नसतं, नुसत्या प्रोसेसरवर सेकंदाला तीनशेच्या वेगाने चालवलं असतं, तरी हे शेवटचं काम पावणेचार तासांत संपलं असतं. महागड्या यंत्राची गरज कुठेच नव्हती.

तेव्हापासून कुठलंही साधन बसवण्याआधी मी फाईलच्या मालकाला हाताने काही गोष्टी करून बघायला सांगतो, तुम्हीही आधी तेच करा. कॅप्स लॉक चालू ठेवून नेहमीच्या सवयीने पासवर्ड टंका. बाजूच्या अंकपट्टीवरून अंक टाकत असाल तर नम लॉक बंद होता का याचा विचार करा, कारण तसं असेल तर ते अंक पासवर्डात पडलेच नसतील. संगणक बदलला असेल तर कळफलकाची मांडणी बघा, ब्रिटिश आणि अमेरिकन मांडणीत @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. पासवर्ड कुठूनतरी चिकटवला असेल तर शेवटी एक मोकळी जागा लावून पाहा.

आणि आपल्यासारख्या, दिवसभर मराठी-इंग्रजी कळफलक बदलत बसणाऱ्यांसाठी खास: त्या वेळी इन्स्क्रिप्ट चालू राहिलं होतं का? चौकटीत ठिपकेच दिसतात, कळायला मार्ग नसतो. `moti` म्हणून बोटं फिरवली आणि आत पडलं "सदूग". कळफलक मराठीवर टाका, त्याच कळा त्याच क्रमाने दाबा आणि बघा. काही मांडण्यांत अंकही देवनागरी पडतात, म्हणून अंक दोन्ही तऱ्हांनी करून पाहा. ही शक्यता यंत्राने तपासायची असेल, तर देवनागरी शब्दांची यादी यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करून ती जॉनला द्या. त्यात मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवतो:

```
john --format=office --encoding=utf8 --wordlist=marathi.txt hash.txt
```

फाईल `.xlsx` नसून जुनी `.xls` किंवा `.doc` असेल, तर चित्र एकदम पालटतं, आणि तुमच्या बाजूने. ऑफिस 97 ते 2003 च्या काळातल्या नेहमीच्या कुलपाची चावी फक्त 40 बिटांची असते. म्हणजे पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी चाव्या सुमारे 1 लाख 10 हजार कोटीच. हा आकडा मोठा वाटतो, पण इथे प्रत्येक चावी तपासायला लाखभर फेऱ्या लागत नाहीत, त्यामुळे आजच्या यंत्राला तो पेलतो. अशा वेळी पासवर्ड शोधायच्या भानगडीत न पडता थेट चावी शोधून फाईल उलगडतात. "हमखास उघडून देतो" म्हणणाऱ्या सेवांची हमी खरी ठरते ती बहुतेक अशाच फायलींवर. क्वचित कुणी त्या काळातही पर्यायांमधून जास्त मोठी चावी निवडलेली असते, तिथे ही सवलत मिळत नाही.

तुमच्या `.xlsx` साठी अशा सेवेकडे जायचं ठरवलंत, तर पूर्ण फाईल देऊ नका. वर काढलेली `$office$` ची ओळ आणि तुमच्या शब्दांची यादी, एवढ्यावर काम होतं. "फाईलच पाठवा, पासवर्डबद्दल काही सांगायची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. ज्याला हे काम कळतं तो सगळ्यात आधी तुमच्या सवयींबद्दल विचारतो.

थांबायचं कधी, हेही ठरवून ठेवा. मी शक्यतांचा गुणाकार आधी कागदावर करतो. तो दोन दिवसांच्या आत बसला तर यंत्र चालू ठेवतो. महिन्यांत गेला तर यंत्राचा वेग वाढवायच्या मागे न लागता मालकाशी पुन्हा बोलायला बसतो, कारण एक नवा शब्द आठवला तर जे मिळतं ते दुप्पट वेगाच्या कार्डाने मिळत नाही. आणि पासवर्ड जर पासवर्ड मॅनेजरने बनवलेला वीस अक्षरांचा गोळा असेल आणि तो मॅनेजरच हरवला असेल, तर फाईलची एक प्रत बाजूला जपून ठेवा आणि हिशोब पावत्यांवरून पुन्हा मांडायला घ्या. तिथे मीही हात लावत नाही.

तुमची फाईल उघडलीच, तर लगेच `Encrypt with Password` मध्ये जाऊन ठिपके खोडा, वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि ती नवी प्रत एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा. विनापासवर्ड उघडल्याची खात्री झाल्याशिवाय `hash.txt` आणि जुनी प्रत पुसू नका.